राजीनाम्यातली तारीख

ज्या पत्रासाठी मी जवळजवळ तीन महिने झुरत होते, ते शेवटी बारा ओळींचे झाले. त्या बारा ओळींपैकी अकरा मी कदाचित एका संध्याकाळी लिहू शकले असते. अडली होती ती एकच ओळ, ज्यात माझ्या कामाचा शेवटचा दिवस लिहायचा होता.

मी डेंटल हायजिनिस्ट आहे, म्हणजे त्या वेळी होते. बारावी विज्ञान शाखेतून झाल्यावर दोन वर्षांची पदविका घेतली, राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी केली, आधी दुसरीकडे काम केले आणि मग शहरातल्या एका खासगी दंतचिकित्सा क्लिनिकमध्ये तीन वर्षे दोन महिने होते. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने आमच्या कामाची व्याख्या दोनच गोष्टींत बसवली होती: दातांवरचे किटण काढणे आणि दात स्वच्छ व गुळगुळीत करणे ही एक, आणि दातांची निगा कशी राखायची हे सांगणे ही दुसरी. निदान करणे, भूल देणे, दात कोरणे ही कामे दंतवैद्याची. स्केलिंग करताना किटण निघाले आणि त्याखाली काळी पोकळी दिसली की मी हात थांबवून क्लिनिकच्या दंतवैद्य मॅडमना हाक मारत असे. वर्षभर असे रोज दोनदा-तीनदा हाक मारून झाल्यावर पुढचे काम आपल्याला यावे, असे मला वाटू लागले. २०२२ पासून नीटला वयाची कमाल मर्यादा राहिलेली नाही, हे कळले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. सव्विसाव्या वर्षी परीक्षा दिली आणि जून महिन्यात लागलेल्या निकालात बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीला प्रवेश मिळण्याइतके गुण पडले.

निकाल लागला त्याच आठवड्यात राजीनामा देऊन मोकळे व्हावे, असा सल्ला घरच्यांनी दिला. तो मी मानला नाही, कारण गुण पडणे आणि जागा मिळणे यांत राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतल्या अनेक पायऱ्या होत्या: नोंदणी, कागदपत्रे अपलोड करणे, गुणवत्ता यादी, महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरणे आणि मग निवड यादी. या सगळ्यात ऑगस्ट संपत आला. माझ्या नेमणूकपत्रात तीस दिवसांच्या नोटिशीची अट होती. निवड यादीत नाव आले की महाविद्यालयात हजर होण्यासाठी मात्र मोजके चार-पाच दिवस मिळतात. म्हणजे यादीची वाट पाहावी तर तीस दिवस उरत नाहीत आणि आधीच राजीनामा द्यावा तर जागा न मिळाल्यास नोकरीही जाते. माझ्या पगारावर घरातले दोन हप्ते चालत असल्यामुळे ही अडचण मला कल्पनेत तपासून पाहता येण्यासारखी नव्हती.

जुलैमध्ये मी एक मसुदा लिहिला होता, त्यात "प्रवेश मिळाल्यास मी राजीनामा देत आहे, असे समजावे" असे वाक्य होते. ते मला फार चतुर वाटले होते. माझी एक मैत्रीण एका मोठ्या रुग्णालयात मनुष्यबळ विभागात काम करते, तिने ते वाक्य वाचून सरळ विचारले, "हे वाचून तुझ्या मॅडमनी नवीन मुलगी शोधायला घ्यायची की नाही?" मला उत्तर देता आले नाही. अट घातलेल्या राजीनाम्यावर समोरच्याला काहीच करता येत नाही, कारण जागा रिकामी होणार की नाही हेच त्यातून ठरत नाही. शिवाय तो स्वीकारला गेला, तर अट विसरून केवळ राजीनामा तेवढा लक्षात राहण्याची शक्यता असते. तो मसुदा मी फाडला.

मग लक्षात आलेली साधी गोष्ट अशी, की प्रवेश पक्का करणे आणि वर्ग सुरू होणे या दोन वेगवेगळ्या तारखा आहेत. महाविद्यालयात हजर होऊन मूळ कागदपत्रे दाखवायला, ती जमा करायला आणि शुल्क भरायला एक दिवस पुरतो. पहिल्या वर्षाचे वर्ग त्यानंतर काही आठवड्यांनी सुरू होतात. नोटिशीचे तीस दिवस या मधल्या फटीत बसवता आले, तर ना पगार बुडतो ना अट मोडते. एवढे समजायला मला दीड महिना लागला, कारण माझ्या डोक्यात "प्रवेश" हा शब्द एकाच दिवसाला चिकटलेला होता.

पण या योजनेत एक मेख होती. नोकरीला लागताना माझी बारावीची मूळ गुणपत्रिका आणि पदविकेचे मूळ प्रमाणपत्र क्लिनिकने "सुरक्षित ठेवण्यासाठी" म्हणून ठेवून घेतले होते. अनेक लहान क्लिनिकमध्ये ही पद्धत आहे आणि ती चुकीची आहे, हे मला तेव्हाही माहीत होते. पहिल्या चांगल्या पगाराच्या आनंदात मी काही बोलले नाही. नोंदणी करताना स्कॅन केलेल्या प्रती चालतात, मात्र हजर होताना मूळ प्रती लागतात. म्हणजे मूळ कागद मागितल्याशिवाय प्रवेश नाही आणि ते मागितले की सोडून जाण्याची गोष्ट उघड होणार. राजीनाम्यातच ती मागणी घालावी, असा एक विचार मनात आला. पहिल्या मसुद्यात तसे होतेही; पण वाचून पाहिले तेव्हा पत्राचा सूर बदललेला दिसला. "कागद द्या, मग मी नीट काम सोपवून जाते" असा सौदा केल्यासारखे ते वाचले जात होते. म्हणून तो विषय मी राजीनाम्यातून पूर्णपणे बाहेर काढला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वेगळा अर्ज दिला. त्यात दोन्ही कागदांची नावे व बैठक क्रमांक लिहिले आणि पुढील शिक्षणाच्या प्रवेशप्रक्रियेसाठी मूळ प्रती हव्या आहेत, असे कारण एका वाक्यात दिले.

तो अर्ज मॅडमनी वाचला आणि खुर्ची मागे सरकवली. "कुठला कोर्स?" मी सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे पाच वर्षांनी तू समोरच पाटी लावणार." हसत म्हणाल्या, पण पूर्ण हसून नाही. दंतवैद्याला सोडून दंतवैद्य व्हायला निघालेल्या मुलीला हे ऐकावे लागणार, हे मी गृहीत धरायला हवे होते. मी म्हणाले, "मॅडम, अजून यादी लागलेली नाही. लागली की त्याच दिवशी सांगेन, आणि नोटीस पूर्ण देईन." त्या वेळी मी एवढेच बोलले आणि आज मागे वळून पाहताना तेवढेच योग्य होते, असे वाटते, कारण दुसरे कोणतेही वाक्य एक तर खोटे ठरले असते किंवा भांडणाचे. कागद मात्र लगेच मिळाले नाहीत. हिशेब पाहणारे काका दोन दिवस नव्हते, मग कपाटाची किल्ली सापडेना. आठव्या दिवशी प्लॅस्टिकच्या पाकिटात दोन्ही हाती आले.

ऑगस्ट संपता संपता निवड यादी लागली आणि त्यात माझे नाव होते. तिसऱ्या दिवशी मी रजा घेऊन महाविद्यालयात गेले, शुल्क भरले, कागद जमा केले आणि स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरून दिला. हा फॉर्म भरणे म्हणजे, मिळालेली जागा मला मान्य आहे, पुढच्या फेरीत मला बदल नको, असे लिहून देणे. तो न भरता आणखी चांगल्या महाविद्यालयाची आशा ठेवता आली असती. पण मग माझी तारीख पुन्हा लोंबकळली असती. प्रवेशाची पावती आणि वर्ग ६ ऑक्टोबरपासून सुरू होत असल्याची सूचना पिशवीत घेऊन मी रात्रीच्या गाडीने परतले, आणि त्या गाडीत मोबाइलवर राजीनामा लिहायला घेतला.

इंटरनेटवर सापडलेले इंग्रजी नमुने मी आधी वाचले होते. त्यांत वाढीच्या संधीबद्दल, प्रेरणादायी नेतृत्वाबद्दल आभार मानलेले होते आणि तशा तऱ्हेने मॅडमशी मी कधीच बोललेले नव्हते. माझे स्वतःचे पहिले हस्तलिखित याच्या उलट टोकाला गेलेले होते. त्यात तीन परिच्छेद कारणांचे होते, आणि त्या कारणांत हळूच तक्रारीही शिरल्या होत्या: व्याख्येत न बसणारी कामे मला सांगितली जात, दातांवरच्या तात्पुरत्या टोप्या चिकटवायला लावत, शनिवारी सहाऐवजी साडेआठला सुटका होई. या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या. पण राजीनाम्याच्या पत्रात त्या लिहिल्याने शनिवार लहान होणार नव्हते, आणि ते पत्र पुढे कित्येक वर्षे फाइलमध्ये राहणार होते. मी दोन परिच्छेद कापले आणि तिसऱ्यातले एक वाक्य ठेवले.

मग आले शेवटच्या दिवसाचे वाक्य. पत्र २ सप्टेंबरला द्यायचे ठरवले होते. पत्र दिल्याचा दिवस मोजायचा नाही, म्हणून ३ सप्टेंबर हा पहिला दिवस धरला, तर तिसावा दिवस २ ऑक्टोबरला येतो, आणि त्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी. माझी नऊ दिवसांची रजा शिल्लक होती, ती नोटिशीत वळती करून २३ सप्टेंबरलाच निघावे, असे भावाने सुचवले. नेमणूकपत्रात त्याबद्दल काहीच लिहिलेले नव्हते, म्हणजे ते मॅडमच्या संमतीवरच होते, आणि खरे तर मला ते नकोच होते. कारण त्या सप्टेंबरमध्ये माझ्या डायरीत काय होते, हे मला ठाऊक होते.

ज्यांच्या हिरड्यांना सूज आहे आणि हिरडी दातापासून सुटून खोल पॉकेट झाले आहे, अशा रुग्णांचे काम एका बैठकीत संपत नाही. आमच्याकडे अशा रुग्णाची आधी उजवी बाजू व आठवड्याने डावी बाजू साफ होत असे. मॅडम भूल देत आणि मी हिरडीखालचे किटण काढत असे. त्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी पॉकेट पुन्हा मोजावे लागते. हे मोजणे चार आठवड्यांच्या आत करायचे नसते, कारण तोवर हिरडी दाताला पुन्हा चिकटत असते. त्यात प्रोब, म्हणजे मोजायची सळई, घातला तर आकडा खोटा येतो आणि जुळत आलेली जागा उसवते. प्रत्येक दाताच्या सहा जागी मोजायचे, कुठून रक्त येते ते लिहायचे, आणि मग मॅडमनी ठरवायचे, की हा रुग्ण आता दर तीन महिन्यांच्या सफाईवर ठेवायचा की तज्ज्ञाकडे शस्त्रक्रियेसाठी पाठवायचा. आधीचे आणि नंतरचे माप एकाच हाताने घेतलेले असले तर ते जास्त भरवशाचे असते, कारण प्रोबवर किती जोर द्यायचा हे माणसागणिक बदलते आणि एखाद्या मिलिमीटरचा फरक तेवढ्यानेही पडतो.

माझा हिशेब म्हणून उलटा सुरू झाला. शेवटचा कामाचा दिवस १ ऑक्टोबर धरला तर त्याच्या चार आठवडे आधीचा दिवस ३ सप्टेंबर येतो. त्या दिवसापर्यंत ज्यांच्या दोन्ही बाजू पूर्ण झाल्या असतील, त्यांचे फेरमापन मी स्वतः करू शकत होते. त्यानंतर सुरू केलेला प्रत्येक रुग्ण अर्धवट सोडून जाण्यासाठीच सुरू केल्यासारखा होता. त्या वेळी माझ्याकडे अकरा रुग्ण या टप्प्यात होते. सात जणांचे काम ३ सप्टेंबरच्या आत पुरे होत होते, चार जणांची एकच बाजू झाली होती. २३ सप्टेंबरला निघाले असते तर त्या सातांपैकी पाच जणांचे फेरमापन दुसऱ्याच कोणाच्या हाती गेले असते. नोटिशीचे तीस दिवस कायदेशीर बंधन म्हणून मला आतापर्यंत जड वाटत होते. डायरीसमोर ठेवून पाहिले तर ते हिरडी जुळायला लागणाऱ्या वेळाएवढेच निघाले. गाडी स्टेशनात शिरली तेव्हा तारीख ठरलेली होती.

पत्र मराठीत लिहिले. नेमणूकपत्र इंग्रजीत होते, पण आम्ही दोघी तीन वर्षे मराठीतच बोलत आलो होतो. दिनांक, प्रति आणि विषय यांखालचा मजकूर असा होता:

"महोदया, मी आपल्या क्लिनिकमध्ये गेली तीन वर्षे दोन महिने डेंटल हायजिनिस्ट या पदावर काम करीत आहे. मला बी.डी.एस. अभ्यासक्रमाच्या प्रथम वर्षास प्रवेश मिळाला असून वर्ग ६ ऑक्टोबरपासून सुरू होत आहेत. या शिक्षणासाठी मी या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील अटीनुसार तीस दिवसांची नोटीस या पत्राने देत असून ती २ ऑक्टोबर रोजी पूर्ण होते. त्या दिवशी क्लिनिकला सुट्टी असल्याने १ ऑक्टोबर हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस राहील. हिरड्यांचे उपचार सुरू असलेल्या अकरा रुग्णांपैकी सात जणांचे फेरमापन या मुदतीत पूर्ण करून देईन. उरलेल्या चार रुग्णांची नोंद आणि तीन महिन्यांनी सफाईसाठी येणाऱ्या रुग्णांची यादी २० सप्टेंबरपर्यंत लेखी सोपवीन. आपण दिलेल्या शिकवणीबद्दल मी आभारी आहे. कृपया राजीनामा स्वीकारल्याचे कळवावे, ही विनंती."

आभाराचे वाक्य आधी लांब होते. ते लहान केले, कारण मला खरोखर ज्याबद्दल आभार मानायचे होते ती गोष्ट पत्रात लिहिण्यासारखी नव्हती. पहिल्या महिन्यात माझ्या हातून एका बाईंची हिरडी कापली गेली होती, तेव्हा मॅडमनी रुग्णासमोर एक शब्दही न बोलता माझ्या हातातला किटण खरवडायचा क्युरेट फिरवून धरला आणि रात्री सगळे गेल्यावर धारेचा कोन कसा ओळखायचा ते शिकवले. हे मी त्यांना तोंडी सांगितले, आणि तेही शेवटच्या दिवशी.

२ सप्टेंबरला सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी मी पत्राच्या दोन प्रती घेऊन आत गेले. मॅडमनी पूर्ण वाचले. "तोंडी सांगितलंस की, मग हे दोन-दोन कागद कशाला?" असे त्या म्हणाल्या; तरी दुसऱ्या प्रतीवर "मिळाले", तारीख आणि सही, असे लिहून त्यांनी शिक्का मारला. तीस दिवस कुठून मोजायचे, यावर पुढे वाद होऊ नये म्हणून मला ती तारीख हवी होती. त्याच संध्याकाळी पत्राचा फोटो क्लिनिकच्या ईमेलवरही पाठवला. स्वीकारल्याचे लेखी उत्तर यायला सहा दिवस लागले आणि ते एका ओळीचे होते. तेवढे पुरते.

मॅडमनी वाचता वाचता बोट ठेवले ते रुग्णांच्या वाक्यावर. "हे चार कोणते?" मी नावे सांगितली. "यांच्या दुसऱ्या बाजू मी करते. नवीन मुलगी मिळाली तरी तिला एकदम भूल दिलेले काम देणार नाही." आमच्यातला ताण त्या एका वाक्यानंतर सैल झाला, असे मला वाटते, कारण तिथून पुढे आम्ही माझ्या जाण्याबद्दल न बोलता रुग्णांबद्दल बोलू लागलो. माझ्या मूळ मसुद्यात या जागी "काम व्यवस्थित हस्तांतरित करीन" असे होते. त्या शब्दांवर कुणाला बोट ठेवताच आले नसते.

सोपवण्याच्या कामात मला ज्याचा अंदाज नव्हता अशी एक गोष्ट निघाली. तीन महिन्यांनी येणाऱ्या रुग्णांना आठवणीचा संदेश मी तीन वर्षे माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून पाठवत आले होते, कारण क्लिनिकचा फोन नेहमी काउंटरवर अडकलेला असे. अडतीस जणांचे नंबर, त्यांचे "ताई, दात ठणकतोय" असे संदेश आणि काहींनी पाठवलेले हिरड्यांचे फोटो हे सगळे माझ्या खासगी फोनवर होते. ही माहिती क्लिनिकची आणि त्या रुग्णांची होती. ती घेऊन बाहेर पडणे मला बरोबर वाटेना, आणि मॅडमच्या मनात ती पाटीची शंका असताना तर मुळीच नाही. मी यादी क्लिनिकच्या नोंदवहीत उतरवली. नाव, शेवटच्या सफाईची तारीख, पुढची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात "मधुमेह", "रक्त पातळ करण्याची गोळी", "उलटी होते, मागच्या दाढा शेवटी घ्याव्यात" असे जे लागेल ते. प्रत्येकाला क्लिनिकच्या नंबरवरून एक संदेश गेला, की पुढील आठवण याच नंबरवरून येईल. मग मॅडमच्या समक्ष माझ्या फोनवरचे सगळे काढून टाकले. समक्ष करण्याची गरज नव्हती, असे त्या म्हणाल्या. मला होती.

हत्यारांचीही एक नोंद लिहिली, पण ती लहान होती: कोणते क्युरेट धार लावून लावून इतके बारीक झाले आहेत की आता मोडतील, आणि अल्ट्रासॉनिक स्केलरच्या कोणत्या टिपा झिजल्या आहेत. टीप दोन मिलिमीटर झिजली की तिची ताकद निम्म्यावर येते आणि मग हात नकळत जास्त दाब देऊ लागतो. नव्या माणसाला हे आपल्या हाताचे अपयश वाटते. क्लिनिकमधल्या मावशी हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची वही माझ्यापेक्षा नीट ठेवत असत, त्यामुळे तिच्याबद्दल मला काही लिहावे लागले नाही.

त्या सातांपैकी एक काका रिक्षा चालवत. वय बावन्न, मधुमेह, पहिल्या तपासणीच्या वेळी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.९. खालच्या दाढांभोवती पॉकेट पाच ते सात मिलिमीटर, आणि प्रोब लागला की रक्त. त्यांची उजवी बाजू २२ ऑगस्टला आणि डावी २९ ऑगस्टला झाली होती. फेरमापनाला मी त्यांना ३० सप्टेंबरला बोलावले, म्हणजे माझ्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी. त्याआधी त्यांनी साखरेच्या डॉक्टरांकडे जाऊन औषध बदलून घेतले होते. बहुतेक जागी आकडा तीन-चारवर आला होता आणि रक्त जवळजवळ थांबले होते. एका ठिकाणी मात्र नाही: उजव्या बाजूच्या खालच्या पहिल्या दाढेपाशी सहा मिलिमीटर तसेच होते, रक्त येत होते आणि दोन मुळांच्या मधल्या फटीत प्रोबचे टोक शिरत होते. अशा फटीत सरळ क्युरेट नीट पोचत नाही आणि रुग्णाचा ब्रशही पोचत नाही, म्हणून बाकी तोंड सुधारले तरी ती जागा मागे राहते. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी पाहिले आणि तीन महिने थांबून पुन्हा मोजायचे ठरवले. तोवर त्या फटीसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश. ब्रश कसा घालायचा, हे मी काकांना आरशात तीनदा करून दाखवले. सोपवण्याच्या वहीत त्यांच्या नावापुढे मी दाढेचा क्रमांक, सहा जागांचे आकडे आणि "डिसेंबरअखेर, हीच जागा आधी मोजावी" असे लिहिले. काकांनी विचारले, "पुढच्या वेळी तुम्हीच का?" मी नाही म्हणाले आणि का ते सांगितले. "मग तुम्ही डॉक्टर होणार," ते म्हणाले, "तेव्हा दुखणार नाही असं इंजेक्शन द्यायला शिका."

शेवटच्या दिवशी पगाराचा हिशेब सरळ झाला. शिल्लक रजेचे पैसे मिळाले, स्केलिंगमागे मिळणारी रक्कमही मिळाली. अनुभवाच्या प्रमाणपत्रात मात्र "डेंटल असिस्टंट" असे छापून आले होते. हायजिनिस्टची दंत परिषदेकडे वेगळी नोंदणी असते, त्यामुळे हा केवळ शब्दाचा फरक नव्हता. मी ते जागेवरच परत केले आणि पदनाम, नोंदणी क्रमांक व दोन्ही तारखा घालून पुन्हा मागितले. मावशी म्हणाल्या, जाऊ दे ना आता, कशाला. पण बाहेर पडल्यावर ही दुरुस्ती करून घेण्यासाठी किती फेऱ्या माराव्या लागतात, हे मला कपाटाच्या किल्लीवरून कळले होते. अर्ध्या तासात नवीन छापून मिळाले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी वसतिगृहात मेणाच्या ठोकळ्यातून खालची पहिली दाढ कोरत बसले होते. पहिल्या वर्षाला हे काम असते, आणि दोन मुळांमधली फट नेमकी कुठून सुरू होते हे कोरताना माझे दोन ठोकळे वाया गेले होते. क्लिनिकच्या नंबरवरून संदेश आला. नव्याने लागलेल्या मुलीने लिहिले होते, "ताई, मॅडमना विचारून कळवते आहे. रिक्षावाल्या काकांची ती जागा आधी मोजली. सहाचे पाच झाले आहेत, रक्त अजून थोडे येते. त्यांनी तुम्हाला ब्रश दाखवायला सांगितला आहे, वाकडा झाला आहे म्हणून." खाली त्या वाकड्या ब्रशचा फोटो होता.